करंगळीचा पीळ: भिंतीवर मूठ मारल्यानंतरचे दोन महिने

जुलैच्या पहिल्या शनिवारी रात्री मी आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या भिंतीवर उजव्या हाताची मूठ मारली. कारण घरगुती होतं, त्याचा निकाल घरातच लागला, इथे त्याचं काम नाही. हात मात्र मोडला. पुढच्या दोन महिन्यांत जे कळलं ते पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं, म्हणून क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, अंबडच्या एका कारखान्यात धातू कापणारं व्हीएमसी मशीन चालवतो.

मारल्याबरोबर आतून 'कट्' असं जाणवलं. मिनिटभर हात नुसता बधिर होता. मग करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मागच्या भागावर ठणका सुरू झाला. बोटं हलत होती, त्यामुळे आईसकट सगळ्यांचं एकच म्हणणं, 'हलतंय ना, मग मोडलेलं नाही, मुका मार आहे.' हे खोटं आहे. बोटं हलवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या शाबूत असल्या की हाड मोडलेलं असूनही बोट थोडंफार हलतं.

मोडल्याची खरी खूण वेगळी होती. मूठ वळली की मागे चार उंचवटे दिसतात ना, त्यातला करंगळीचा उंचवटा गायब झाला होता. सूज नंतर आली, आधी तिथे सपाट दिसत होतं, किंचित खड्डाच. डाव्या हाताची मूठ शेजारी धरली की फरक लगेच कळत होता. अर्ध्या तासात सूज चढली आणि हाताची मागची बाजू पुरीसारखी फुगली, मग उंचवटा शोधण्यात काही अर्थ राहिला नाही. उंचवट्याच्या थोडं मागे एका ठरावीक जागी बोट टेकवलं की जीव जात होता. दुसऱ्या दिवशी तळहाताच्या बाजूने निळं-जांभळं उतरलं.

तेव्हा एकच गोष्ट वेळेत झाली, ती बायकोमुळे. माझ्या करंगळीशेजारच्या बोटात चांदीची अंगठी होती. ती म्हणाली, 'आधी ती काढ, मग बर्फ लाव.' साबणाने निघेना. मग तिने शिवणाच्या दोऱ्याचं टोक सुईच्या मागच्या बाजूने अंगठीखालून आत सारलं आणि उरलेला दोरा अंगठीच्या पुढे, नखाच्या दिशेने बोटाला घट्ट लगालगा गुंडाळला. मागचं टोक धरून दोरा हळूहळू उलगडायला लागली तशी अंगठी एकेक वेढा पुढे सरकत बाहेर आली. पाच मिनिटं लागली आणि मी दोनदा ओरडलो. सकाळपर्यंत थांबलो असतो तर कापावीच लागली असती. नंतर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, मग थोडा वेळ थांबायचं, आणि हात उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा, असं रात्रभर चाललं.

रविवारी सकाळी घराजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये गेलो. केसपेपरचे दोनशे, एक्स-रेचे पाचशे. एक्स-रे दोन बाजूंनी काढला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, 'करंगळीच्या मेटाकार्पलची मान मोडली आहे, जास्त काही नाही, साडेतीन आठवडे प्लास्टर' असं म्हणाले आणि मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत स्लॅब घातला. चारही बोटं सरळ, पाटीवर ठेवल्यासारखी. स्लॅब आणि गोळ्या मिळून अठराशे रुपये. भिंतीने सालटं निघालं होतं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. कुणी मला मूठ वळायला सांगितलं नाही. सुजेमुळे वळलीही नसती म्हणा.

रविवारी संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत पसरली. समोरच्या काकांनी त्यांच्या गावाकडच्या एका हाड बसवणाऱ्याचं नाव सुचवलं, तेल लावून ओढून बसवतो म्हणे. आई अर्धी तयारच होती. मी गेलो नाही, ते केवळ दाजींच्या फोनमुळे. दाजी मालेगावला एक्स-रे टेक्निशियन आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'बोटं वळवून बघितली का कुणी?'

मी म्हटलं, नाही.

'मग एक्स-रे पाहून काय करणार? वाक फोटोत दिसतो. पीळ फोटोत सहसा कळत नाही. करंगळी फिरली असेल तर ते बोटं वळवल्यावरच दिसतं. हाताच्या सर्जनला दाखव, आणि लवकर दाखव, हाड धरायला लागलं की बसवणं अवघड होतं.'

सोमवारी कंपनीत फोन करून कळवलं आणि मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली, गंगापूर रोडला, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे. तपासणी फी आठशे. पावसाची झड होती आणि बाइक चालवता येत नव्हती, म्हणून सिडकोहून रिक्षा केली. स्लॅबवर प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि पिशवीचं तोंड खाली करा, वर केलं तर ओघळलेलं पाणी आत साठतं. ओला झालेला प्लास्टरचा स्लॅब मऊ पडतो आणि हाताला धरून ठेवत नाही.

दोन तास थांबल्यावर नंबर आला. डॉक्टरांनी आधी स्लॅब काढला आणि सालटं निघालेली जागा नीट पाहिली. मग विचारलं, 'भिंतच होती ना? कुणाचा दात नाही ना लागला?' मला आधी ती चौकशी पोलिसी वाटली. पण त्यांनी लगेच कारण सांगितलं. समोरच्याच्या तोंडावर मारलेल्या मुठीला दात लागला तर उंचवट्यावरची बारीकशी जखम सरळ सांध्यापर्यंत गेलेली असू शकते. मूठ उघडल्यावर कातडी सरकते, बाहेरून जखम क्षुल्लक दिसते आणि तोंडातले जंतू आत अडकतात. तसं असेल तर जखम लगेच उघडून धुवावी लागते आणि अँटिबायोटिक लागतं, प्लास्टरचा विचार नंतर. लोक लाजेने हे लपवतात आणि चार दिवसांनी पू घेऊन येतात, असं ते म्हणाले. माझी खरंच भिंत होती. 'घरात भिंतीवर, स्वतःहून' असं त्यांनी केसपेपरवर लिहिलं. याआधी असं झालंय का, एवढं विचारलं आणि प्रवचन न देता पुढे गेले.

तिसरा एक्स-रे, अगदी बाजूने, तिथे पुन्हा काढला, पाचशे रुपये. वाक किती आहे हे बाजूच्या फोटोतच कळतं. आधीच्या दोन फोटोंत ती बाजू नव्हती. करंगळीचं लांब हाड, म्हणजे मनगटापासून उंचवट्यापर्यंतचं, उंचवट्याच्या लगेच मागे मोडलं होतं आणि त्याचं डोकं तळहाताकडे झुकलं होतं. त्यांनी मोजलं तर साधारण ४० अंश. मला ते भयंकर वाटलं. ते म्हणाले, 'याची मला काळजी नाही.'

मग त्यांनी माझा डावा हात घेतला आणि जोरात मूठ वळायला सांगितली. करंगळी आणि अनामिकेचे उंचवटे मनगटाकडे दबतात, तर्जनी आणि मधल्या बोटाचे जागचे हलत नाहीत, ते दिसलं. करंगळीचं हाड मनगटाजवळच्या सांध्यात २० ते ३० अंश हलतं. त्यामुळे पुढे हाड थोडं वाकलेलं राहिलं तरी मागचा सांधा भरपाई करतो. करंगळीला ४० ते ५० अंशांपर्यंतचा वाक बरेच डॉक्टर चालवून घेतात, काही त्याहूनही जास्त. अनामिकेला ३० ते ४०, मधल्या बोटाला साधारण २०, आणि तर्जनीला १० ते १५ अंश. त्या दोघांचे मागचे सांधे जवळजवळ घट्ट असतात, तिथे भरपाईची सोय नाही.

'पण पीळ एक अंशही चालवून घ्यायचा नसतो,' असं म्हणून त्यांनी उजव्या हाताकडे मोर्चा वळवला.

सुजेमुळे मला मूठ वळता येत नव्हती. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, माझं मनगट आपल्या हातात धरलं आणि हळूच मागे वाकवलं. मनगट मागे गेलं की बोटं आपोआप आत वळतात, आपण काही करायचं नसतं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका आपापल्या वाटेने अंगठ्याच्या बुडाकडे, मनगटावरच्या त्या टणक उंचवट्याच्या दिशेने आली. करंगळी आली ती अनामिकेच्या पोटाखाली शिरली. त्यांनी मला नखांच्या बाजूने, समोरून बघायला सांगितलं. तीन नखं एका रांगेत आणि चौथं कुशीवर वळलेलं. डाव्या हाताची चारही नखं जवळपास एका पातळीत होती. मग मी डाव्या हाताची मूठ पुन्हा पुन्हा वळून बघत बसलो, करंगळी किती शहाण्यासारखी जागेवर बसते ते.

मशीनवाल्या माणसाला हे चटकन समजतं. धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये बुडाला केसभर फिरलेला जॉब, म्हणजे मशीनवरचा धातूचा तुकडा, दुसऱ्या टोकाला ठळक चुकलेला दिसतो. हाडातला ५ अंशांचा पीळ बोटाच्या टोकाशी सुमारे दीड सेंटीमीटर एकावर एक चढणं घडवू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. वाक राहिला तर उंचवटा दिसत नाही आणि तळहातात थोडं टोचतं. पीळ राहिला तर प्रत्येक मुठीत एक बोट दुसऱ्याच्या वाटेत येतं. नट धरताना, पिशवी उचलताना, अगदी बादलीच्या कडीलासुद्धा. आणि हाड जुळून गेल्यावर तो पीळ व्यायामाने जात नाही. हाड पुन्हा कापून, फिरवून, तारेने किंवा प्लेटने बसवावं लागतं. पुढे आयुष्यभर वाढता वाढता सरळ होईल म्हणावं, तर पीळ मोठ्या माणसात आपोआप सुटत नाही.

इलाज असा ठरला की भूल देऊन हाड हाताने बसवून बघायचं. बसलं आणि टिकलं तर ठीक, नाही तर बारीक तारा घालायच्या. तारांना डे-केअरमध्ये दाखल व्हावं लागेल, खर्च तीस-पस्तीस हजार, आणि चारेक आठवड्यांनी तारा काढायच्या. हाताने बसवण्याचे, स्प्लिंट आणि नंतरच्या फोटोसह सहा हजार. मी तिथेच हो म्हटलं. सकाळी पोहे खाल्ले होते, त्याने काही अडलं नाही, कारण भूल फक्त त्या जागेची होती.

सुई हाताच्या मागच्या बाजूने मोडलेल्या जागेतच घातली. आधी सिरिंजमध्ये काळपट रक्त ओढलं, म्हणजे सुई बरोबर जागी आहे असं समजतं, मग औषध सोडलं. सुई टोचताना नाही, औषध आत भरताना दाटल्यासारखं दुखतं. दहा मिनिटं थांबले. मग माझी करंगळी बुडाच्या सांध्यात काटकोनात वाकवली, मधल्या सांध्यातही काटकोनात, आणि त्या वाकलेल्या बोटानेच हाडाचं डोकं तळहातातून वर ढकललं. दुसऱ्या अंगठ्याने मागचा भाग खाली दाबून धरला होता. त्याच वेळी वाकलेलं बोट एखाद्या दांड्यासारखं धरून थोडं फिरवलं. दुखलं नाही, पण आतून हाड सरकल्याचं जाणवलं, आणि ते मला अजून आठवतं. लगेच बोटं वळवून पाहिली. करंगळी अनामिकेच्या शेजारी आली, खाली नाही.

आता स्प्लिंट. पहिल्या स्लॅबपेक्षा हा अगदी वेगळा. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने, कोपराच्या खालून बोटांच्या टोकांपर्यंत पन्हळीसारखा. आत फक्त करंगळी आणि अनामिका. मनगट थोडं मागे वाकलेलं, २० ते ३० अंश. दोन्ही बोटं बुडाशी जवळजवळ काटकोनात वाकवलेली, ७० ते ९० अंश, पण पुढचे दोन्ही सांधे सरळ. मी विचारलं, असं चमत्कारिक का? बोटाच्या बुडाच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना जे बंध असतात ते बोट वाकलं की ताणलेले असतात आणि सरळ असलं की सैल. सरळ ठेवून तीन-चार आठवडे बांधलं तर ते सैल असतानाच आखडतात, मग प्लास्टर काढल्यावर बोट वाकतच नाही. हाड बरं होतं आणि बोट काठीसारखं राहतं. म्हणजे आधीच्या स्लॅबमध्ये मी महिनाभर राहिलो असतो तर पिळाशिवाय आणखी एक दुखणं विकत घेतलं असतं. पुढचे सांधे मात्र सरळच हवेत, तिथे उलटा हिशेब असतो.

दोन बोटांमध्ये कापसाचा पातळ थर ठेवून दोन्ही एकमेकांना पट्टीने बांधली. करंगळीचं बोट अनामिकेला धरून चालतं, म्हणून पीळ परत येत नाही. कापूस विसरू नका, नाही तर घामाने मधली कातडी पांढरी पडून सोलते. माझी पावसाळ्यात थोडी सोललीच.

लगेचच्या फोटोत वाक २५ अंश झाला होता. घरी जाताना बजावलं, बोटं निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं तर रात्री-अपरात्रीही फोन करायचा, पट्टी सैल करून घ्यायची.

पगाराचं ऐका. माझं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, पगारातून कापलं जातं. हात कामावर मोडला नव्हता, त्यामुळे कामाच्या दुखापतीचा लाभ लागू नव्हता, आजारपणाचा होता. त्यासाठी आधीच्या सहामाही वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस धरत नाहीत. मी बुधवारी आमच्या विमा दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी खासगी कागद पाहिले, हात स्वतः तपासला आणि रजेचा दाखला त्या दिवसापासूनचा दिला. रविवार ते मंगळवारचे दिवस हातचे गेले. त्यामुळे तुम्ही उपचार कुठेही घ्या, दाखल्यासाठी दवाखान्यात पहिल्याच कामाच्या दिवशी जाऊन या. पुढे दर वेळी दाखला वाढवून घ्यावा लागतो आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असा वेगळा. रांग सकाळी नऊच्या आधी गाठली तर बारापर्यंत सुटतो.

सहीची धास्ती होती, तीही फुकट गेली. या स्प्लिंटमध्ये अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मोकळी असतात. पेन धरता येतं, सही वाकडी येते पण ओळखू येते. जेवणही उजव्या हाताने जमतं, भात-वरण चमच्याने. भाकरी मात्र मोडता येत नाही, ती आई मोडून द्यायची आणि वर म्हणायची, 'भिंतीला मार अजून.' शर्टाची बटणं, बुटाची लेस आणि अंघोळीला लागणारा वेळ, या तीन गोष्टींनी वैताग आणला.

आठवड्याने तपासणीला गेलो, फी चारशे आणि फोटोचे पाचशे. मला वाटलं होतं सगळं जिथल्या तिथे असेल. वाक २५ वरून ३५ वर आला होता. माझा चेहरा पडला. डॉक्टर शांत होते. मानेशी मोडलेलं हे हाड तळहाताच्या बाजूला चुरलेलं असतं, टेकायला तिथे आधार नसतो, आणि बोट वाकवणारे स्नायू त्याला सतत खाली ओढतात. स्प्लिंटमध्ये वाक थोडा परत येणं नेहमीचंच, ते धरूनच चालतात. त्यांनी स्प्लिंट सोडलं, मनगट मागे वाकवलं आणि बोटं वळवली. करंगळी आपल्या जागेवर होती. 'हे फिरलं असतं तर आज तारा घातल्या असत्या,' म्हणाले, आणि स्प्लिंट परत बांधून टाकलं. मला त्या दिवशी फोटोपेक्षा बोट बघायची सवय लागली. ही पहिल्या आठवड्यातली तपासणी चुकवू नका. बसवलेलं हाड फिरलं असेल तर त्याच वेळी दुरुस्ती सोपी असते.

जुलैअखेर स्प्लिंट निघालं. हात पांढुरका, बारीक, आणि वास येणारा. फोटोत मोडलेली रेघ अजून दिसत होती, त्याने मी घाबरलो. पण एक्स-रे हाडापेक्षा मागे चालतो, म्हणजे हाड आतून धरलेलं असलं तरी फोटोत रेघ काही आठवडे राहते. त्यांनी त्याच ठरावीक जागी अंगठ्याने दाबलं, दुखलं नाही, म्हणून स्प्लिंट काढलं. करंगळी आणि अनामिका पट्टीने एकमेकांना बांधून आणखी तीन आठवडे वापरायला सांगितली. पट्टी सांध्यावर नाही, सांध्यांच्या मधल्या जागी बांधायची, म्हणजे बोटं वाकतात.

फिजिओथेरपिस्टकडे मी तीन-चार वेळाच गेलो, दर वेळी चारशे, बाकी घरी. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं ठेवायचा आणि पाण्यातच वळवायचा. बोटं सरळ ठेवून फक्त बुडाशी वाकवायची, टेबलासारखी. मग बुडं सरळ ठेवून फक्त पुढचे सांधे, आकड्यासारखे. मग पूर्ण मूठ. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. एकदाच तासभर केलं तर संध्याकाळी सूज येते, मी करून पाहिलंय. करंगळी पूर्ण सरळ व्हायला जास्त दिवस लागले, शेवटचे दहा-एक अंश हट्टाने वाकलेलेच राहायचे. मागच्या बाजूची दोरी सुजेत चिकटते म्हणून असं होतं. ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गेलं.

हलकी कामं सहाव्या आठवड्यात, मशीनवरचं जोराचं काम आठव्यात. जॉब पकडणाऱ्या व्हाइसचं हॅंडल पहिल्यांदा आवळलं तेव्हा तळहातात करंगळीच्या बुडाशी एक गोळा टोचला. ते झुकलेल्या हाडाचं डोकं. आता हातमोज्याने चालतं. मूठ वळली की उजव्या हाताला तीनच उंचवटे दिसतात, चौथा परत येणार नाही. बाकी पकड जवळपास आधीसारखी आहे.

एकूण खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला, रिक्षा धरून. ईएसआयचे पैसे सप्टेंबरमध्ये खात्यावर आले.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर आजच, सूज थोडी उतरली असेल तर, कोपर टेबलावर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला दुखऱ्या हाताचं मनगट हळू मागे वाकवू द्या. जोर करायचा नाही, दुखलं तर थांबायचं. बोटं कुठे जातात ते बघा आणि दुसऱ्या हाताशी ताडून घ्या, कारण काही जणांची करंगळी मुळातच थोडी आत झुकलेली असते. दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा. स्लॅब घातलेला असेल तर तो घरी सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडा आणि त्यांना बोटं वळवून बघायला सांगा. एक्स-रेच्या फिल्म मागून घ्या, नुसता रिपोर्ट नाही, कारण दुसऱ्या डॉक्टरांना कोन स्वतः मोजायचा असतो.